573 की 574? दिवे एकेक पाऊल सरकण्याऐवजी सगळे एकदम मंद का पेटतात

तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत दर सत्रात निदान तीन-चार गट हाच बिघाड घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. जोडणी आकृतीबरहुकूम असते, तारा दोनदा तपासलेल्या असतात, आयसी बदलूनही पाहिलेला असतो आणि तरीही सर्किट चालत नाही. बहुतेक वेळा दोष तारेत नसतो. ज्या जागी फ्लिप-फ्लॉप हवा तिथे लॅच बसलेला असतो किंवा त्याच्या उलट झालेले असते, आणि दोन्ही आयसींच्या पायांची मांडणी सारखी असल्यामुळे ही अदलाबदल डोळ्यांना दिसत नाही.

येथे 74HC573 आणि 74HC574 ही जोडी घेतली आहे. दोघांतही आठ खाने आहेत, दोघांतही २ ते ९ या पिनांवर माहिती आत जाते आणि १९ ते १२ या पिनांवर ती बाहेर येते. दोघांचीही पिन १ जमिनीला जोडली तरच बाहेरचे पाय जिवंत होतात. फरक आहे तो एकट्या पिन ११ मध्ये. 573 मध्ये ती लॅच उघडणारी पिन आहे आणि 574 मध्ये क्लॉकची पिन आहे. 373 आणि 374 या जुन्या जोडीचीही हीच कथा आहे, फक्त त्यांच्या पायांची मांडणी वेगळी आहे.

लक्षणे

सर्वांत जास्त भेटणारे सर्किट म्हणजे आठ एलईडींचा जॉन्सन काउंटर. प्रत्येक खान्याची बाहेरची पिन पुढच्या खान्याच्या आतल्या पिनेला जोडलेली असते, म्हणजे १९ ही ३ ला, १८ ही ४ ला, असे करत १३ ही ९ ला. शेवटची पिन १२ मात्र 74HC04 च्या एका इन्व्हर्टरमधून उलटी होऊन पिन २ वर परत येते. पिन ११ ला १० किलोओहमचा रोध जमिनीकडे आणि एक बटण ५ व्होल्टकडे असते. अपेक्षा अशी की बटणाच्या प्रत्येक दाबाला एक दिवा वाढावा, आठही पेटले की एकेक विझत जावा.

प्रत्यक्षात असे दिसते: बटण दाबून धरले की आठही दिवे एकदम पेटतात, परंतु निम्म्या तेजाने. मल्टिमीटर कोणत्याही बाहेरच्या पिनेवर लावला तर तो शून्यही दाखवत नाही आणि पाचही दाखवत नाही, मध्येच कुठेतरी अडीच व्होल्टच्या आसपास रेंगाळतो. बटण सोडले की दिवे स्वच्छ होतात, काही पूर्ण पेटलेले आणि काही पूर्ण विझलेले राहतात, पण कोणते ते दर वेळी वेगळे.

यातली फसगत शेवटच्या लक्षणात आहे. बटण सोडल्यावर गोठलेला नमुना बहुतेक वेळा कायदेशीरच दिसतो, म्हणजे पेटलेले दिवे एका बाजूला सलग आणि विझलेले दुसऱ्या बाजूला सलग. त्यामुळे विद्यार्थी सांगतात, "सर, काउंटर चालतोय, फक्त मध्ये पायऱ्या गाळतोय." पायऱ्या गळत नसतात. तो इतक्या वेगाने गोल फिरत असतो की बोट उचलले त्या क्षणी जिथे असेल तिथे थांबतो.

पहिली तपासणी: आयसीच्या पाठीवरचे अक्षर वाचा

हिला खर्च शून्य आणि वेळ दहा सेकंद, तरीही ती सर्वांत शेवटी केली जाते. छपाई पुसट असते, म्हणून उजेड तिरका पाडून भिंगातून शेवटचा आकडा पाहावा. 3 असेल तर लॅच, 4 असेल तर फ्लिप-फ्लॉप. मधली अक्षरे कोणतीही असोत, LS, HC किंवा HCT, हा नियम 373, 374, 573 आणि 574 या चौघांना लागू आहे. तो इतर क्रमांकांना लावू नये, कारण 74HC273 च्या शेवटी 3 असूनही तो फ्लिप-फ्लॉप आहे.

दुकानात 574 नसला की "हा घ्या, पिन टू पिन तोच आहे" असे म्हणून 573 हातात पडतो. पिन टू पिन हे म्हणणे खोटे नाही. पण ते पायांच्या जागेबद्दल आहे, वागणुकीबद्दल नाही.

दुसरी तपासणी: पिन ११ वर धरून डेटा हलवा

छपाई वाचता येत नसेल किंवा तिच्यावर विश्वास नसेल, तर आयसीलाच विचारावे. तो सर्किटमधून काढून रिकाम्या ब्रेडबोर्डवर लावा. पिन २० ला ५ व्होल्ट, पिन १० आणि पिन १ जमिनीला. ३ ते ९ या न वापरलेल्या आतल्या पिना जमिनीला बांधा, कारण मोकळी सोडलेली सीमॉस पिन हवेतली कोणतीही गुणगुण उचलते आणि मग निकाल वाचता येत नाही. पिन १९ वर एक किलोओहम रोधासह एक एलईडी लावा.

आता पिन ११ ला तारेने थेट ५ व्होल्ट द्या आणि ती तशीच राहू द्या. पिन २ ची तार आळीपाळीने जमिनीला आणि ५ व्होल्टला लावा. एलईडी तुमच्या हाताबरोबर पेटत आणि विझत असेल तर तो लॅच आहे. तुम्ही कितीही वेळा तार हलवली तरी एलईडी ढिम्म राहिली तर तो फ्लिप-फ्लॉप आहे.

लॅचला पारदर्शक म्हणतात ते याच वागण्यासाठी. त्याच्या प्रत्येक खान्यात दोन वाटा असतात. एक वाट आतल्या पिनेकडून येते आणि दुसरी बाहेर पडणारी पातळीच वळसा घेऊन परत आत आणते. पिन ११ वर असताना पहिली वाट उघडी आणि वळशाची वाट तोडलेली असते, म्हणून खाना काहीच साठवत नाही, आत जे येते ते थोड्या उशिराने बाहेर पाठवतो. पिन ११ खाली गेली की पहिली वाट तुटते, वळसा जोडला जातो आणि शेवटी जी पातळी होती तीच स्वतःला टेकू देत उभी राहते. म्हणजे लॅचची साठवण दार बंद झाल्यावर सुरू होते. दार उघडे असेपर्यंत तो निव्वळ तार आहे, फक्त ५ व्होल्टवर सुमारे १४ नॅनोसेकंद उशिराची.

फ्लिप-फ्लॉपमध्ये असे दोन लॅच एकामागे एक बसवलेले असतात आणि त्यांची दारे उलटसुलट चालतात. शीतगृहाला दोन दारांची खोली असते, त्यातले एक लागल्याखेरीज दुसरे उघडायचे नसते, तसे. क्लॉक खाली असताना आतला लॅच उघडा असतो आणि बाहेरचा बंद. क्लॉक चढताच आतला बंद होतो आणि बाहेरचा उघडतो. दोन्ही दारे एकाच वेळी उघडी असण्याची वेळ कधीच येत नाही, त्यामुळे आतल्या पिनेपासून बाहेरच्या पिनेपर्यंत सरळ वाट कोणत्याही क्षणी नसते. क्लॉक चढतीला असतानाच्या क्षणी आत जे होते तेवढेच बाहेर येते, आणि पुढच्या चढतीपर्यंत तेच राहते. क्लॉक मग तासभर वर राहिले तरी काही फरक पडत नाही.

आता मंद दिव्यांचे कोडे सुटते. 573 लावून बटण दाबले की आठही दारे एकत्र उघडतात. इन्व्हर्टरमधून आलेली पातळी पहिल्या खान्यात शिरते, १४ नॅनोसेकंदांत दुसऱ्यात, आणखी १४ नंतर तिसऱ्यात, असे करत ११२ नॅनोसेकंदांत शेवटी पोहोचते. इन्व्हर्टर तिला उलटी करायला सुमारे ७ घेतो आणि ती पुन्हा पहिल्या खान्यापाशी उभी राहते. दोन फेऱ्यांनी एक पूर्ण आवर्तन होते, म्हणजे २३८ नॅनोसेकंद, म्हणजे सुमारे ४.२ मेगाहर्ट्झ. बटण तुम्ही एक पंचमांश सेकंद जरी दाबले तरी तेवढ्यात आठ लाखांहून अधिक आवर्तने झालेली असतात. प्रत्येक दिवा निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ बंद असतो, म्हणून उजेड मंद दिसतो आणि मीटर सरासरी दाखवतो. आणि फिरणारी सीमारेषा साधारणपणे एकच असल्यामुळे, दार कधीही बंद झाले तरी पेटलेले दिवे सलग सापडतात.

उपाय एकच: 574 बसवा. तारा हलवाव्या लागत नाहीत.

तिसरी तपासणी: आयसी बरोबर आहे, तरी पायऱ्या गळतात

574 बसवल्यावरही कधी एका दाबाला दोन किंवा तीन पावले पडतात. हे पाहून पुष्कळ जण पुन्हा आयसीवर संशय घेतात, म्हणून हा फरक ओळखता आला पाहिजे. बटण दाबून धरलेले असताना दिवे पूर्ण तेजाने आणि स्थिर असतील तर पारदर्शकतेचा प्रश्न नाही. बटणाचे धातूचे पाते टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, त्या थरथरीत क्लॉक अनेक वेळा चढते, आणि फ्लिप-फ्लॉप प्रत्येक चढती इमानदारीने मोजतो.

येथे लॅच आणि फ्लिप-फ्लॉप यांच्या स्वभावातला दुसरा फरक दिसतो. आतली माहिती स्थिर असेल तर लॅचचे दार दहा वेळा उघडले आणि लागले तरी निकाल तोच राहतो. फ्लिप-फ्लॉपच्या साखळीत मात्र प्रत्येक जादा कड म्हणजे एक जादा पाऊल.

बटणाला १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड लावून थरथर गुळगुळीत करता येते, पण तो हळू चढणारा व्होल्टेज थेट पिन ११ ला देऊ नये. या कुटुंबातल्या आयसींना ४.५ व्होल्टवर कड जास्तीत जास्त ५०० नॅनोसेकंदांत चढलेली हवी असते आणि या जोडीचा काळ एक मिलिसेकंद आहे. मध्ये 74HC14 चा श्मिट ट्रिगर घालावा. तो कड उलटी करतो, म्हणून दोन खाने वापरा किंवा पाऊल बटण सोडताना पडते हे मान्य करा. त्याच बैठकीत पिन २० आणि १० यांच्या जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे ना हेही पाहून घ्या.

पेटलेल्या दिव्यांचे दोन वेगवेगळे पुंजके एकदम फिरताना दिसले तर तोही बिघाड नाही. 574 ला रिसेटची पिन नसते, त्यामुळे वीज आल्यावर खान्यांत काहीही असू शकते आणि तो चुकीचा नमुना तसाच गोल फिरत राहतो. कायमचा इलाज हवा असेल तर 74HC273 घ्या. तोही कडेवर चालणारा फ्लिप-फ्लॉप आहे आणि त्याला पिन १ वर रिसेट आहे, मात्र त्याचे पाय 374 सारखे मांडलेले असतात, म्हणून तारा नव्याने टाकाव्या लागतील.

चौथी तपासणी, जी करू नये असे माझे मत आहे

एखादा हुशार विद्यार्थी म्हणतो की दार फार वेळ उघडे राहते हाच दोष असेल, तर पल्सच इतकी अरुंद करू की एकच पाऊल पडेल. मीही हे करून पाहिले आहे आणि एका दुपारी ते चाललेही होते.

हिशेब मांडून पाहा. एकच पाऊल पडण्यासाठी पल्स एका खान्याच्या उशिरापेक्षा मोठी आणि दोन खान्यांच्या उशिरापेक्षा लहान हवी, म्हणजे साधारण १४ आणि २८ नॅनोसेकंदांच्या मध्ये. पण १४ हा नमुन्यादाखल दिलेला आकडा आहे. ४.५ व्होल्टवर निर्माता हमी देतो ती कमाल ३० नॅनोसेकंदांची, आणि किमान उशीर किती याची हमी तो देतच नाही. त्याच वेळी पल्स किमान १६ नॅनोसेकंद रुंद असावी अशी अट असते. सर्व नगांना, सर्व तापमानांना आणि थोड्या घसरलेल्या व्होल्टेजलाही चालेल अशी एकही रुंदी या आकड्यांतून निघत नाही. त्या दुपारी चाललेले सर्किट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या निर्मात्याचा 573 लावताच दोन पावले टाकू लागले. फ्लिप-फ्लॉपमधला दुसरा लॅच हा प्रश्न मुळातच उरू देत नाही, आणि त्याची किंमत फार नाही.

पाचवी तपासणी: उलट चूक, 573 च्या जागी 574

आतापर्यंतच्या वर्णनावरून लॅच म्हणजे अर्धवट फ्लिप-फ्लॉप असे वाटेल. 8051 किंवा 8031 ला बाहेरची रॉम जोडलेल्या किटवर हा समज दुरुस्त होतो. तेथे पोर्ट शून्याच्या आठ तारांवर आधी पत्त्याचा खालचा बाइट येतो आणि नंतर त्याच तारांवर माहिती येते. पत्ता धरून ठेवण्यासाठी लॅच असतो आणि एएलई ही रेघ त्याचे दार चालवते. तेथे कोणी 574 बसवला तर किट पूर्ण मुका होतो, रिसेट दाबूनही काही उपयोग होत नाही.

कारण क्षणाचे आहे. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर एएलई सुमारे १२७ नॅनोसेकंद वर असते. पत्ता मात्र ती पडण्याच्या ४३ नॅनोसेकंद आधीपासूनच पक्का असेल एवढीच हमी आहे, आणि ती पडल्यावर ४८ नॅनोसेकंद टिकेल अशी. म्हणजे पत्ता ग्राह्य आहे तो पडत्या कडेच्या दोन्ही बाजूंना. 574 पाहतो चढती कड, जेव्हा तारांवर पत्ता पोहोचलेला असेलच असे नाही, आणि तो आधीचा कचरा घट्ट धरून बसतो. 573 चे दार त्या वेळी उघडे असते, कचरा आत येतो आणि जातो, मग खरा पत्ता येतो आणि दार लागते तेव्हा तोच आत असतो.

एएलई उलटी करून 574 ला दिली तर बरोबर क्षण पकडला जातो. इन्व्हर्टरचे ७ नॅनोसेकंद ४८ च्या मुदतीत सहज बसतात. तरीही नुकसान होते, कारण आता रॉमला पत्ता कळतो तो एएलई पडल्यानंतर. लॅच असता तर पत्ता तारांवर आल्याबरोबर पारदर्शक खान्यातून रॉमपर्यंत पोहोचला असता आणि तिला शोध घ्यायला ते ४३ नॅनोसेकंद जादा मिळाले असते. मंद रॉम असेल तर तेवढ्यानेच किट कधी चालेल, कधी चालणार नाही. येथे पारदर्शकता हवीच असते.

तपासणीसाठी दोन वाहिन्यांचा ऑसिलोस्कोप लागतो. एक प्रोब एएलईवर, दुसरा लॅचच्या एका बाहेरच्या पिनेवर. बाहेरची पिन एएलई वर असतानाच्या काळात कधीही बदलत असेल तर 573, केवळ चढत्या कडेच्या लगोलगच बदलत असेल तर 574. प्रोबची जमिनीची तार आखूड ठेवा, नाहीतर दिसणारी अर्धी वळवळ त्या तारेचीच असते.

कुठे थांबावे

ब्रेडबोर्डवरचे आणि सॉकेटमधले आयसी स्वतः बदलावेत. परंतु छोट्या पायांचा आयसी अनेक थरांच्या बोर्डावर डकवलेला असेल आणि हॉट एअर चालवायचा सराव नसेल, तर हात लावू नये. पाय निघतो, त्याबरोबर तांब्याची पट्टीही निघते. बोर्डाच्या बाहेरच्या पिना रिले हाकत असतील आणि रिलेवर २३० व्होल्ट किंवा मोटर असेल, तर दुसरी तपासणीसुद्धा जागेवर करू नये. लॅच उघडा राहिला की रिले आपोआप ओढला जाऊ शकतो. मुख्य वीज तोडून ते काम पॅनेलच्या तंत्रज्ञाकडे द्यावे.

तिसरी वेळ म्हणजे आयसी बरोबर आहे, कडा स्वच्छ आहेत, आणि तरी तासा-दोन तासांनी एकदा चूक होते किंवा बोर्ड गरम झाल्यावरच होते. बाहेरून येणारा सिग्नल वेगळ्या क्रिस्टलच्या तालावर चालत असेल तर तो कधी ना कधी नेमका क्लॉकच्या कडेवरच बदलतो, आणि फ्लिप-फ्लॉप काही काळ शून्य आणि एक यांच्या मध्ये अडकतो. ते मल्टिमीटरने सापडत नाही आणि आयसी बदलून जातही नाही. तेथे रचना करणाऱ्या अभियंत्याला बोलवावे, आणि त्याला तीन गोष्टी लिहून द्याव्यात: पिन ११ वर कोणता सिग्नल येतो, आतली माहिती कोणत्या क्लॉकवर बदलते, आणि चूक होते तेव्हा बाहेरच्या आठ पिनांवर काय गोठलेले असते.